भरताच्या वांग्याला आज किती पाणी?

शिरपूरकडच्या काळ्या जमिनीत वांग्याचे ठिबक रोज दीड तास चालवले, तर फेब्रुवारीत पाणी जास्त होते आणि एप्रिलच्या झळांत तेच कमी पडते. हवा किती पाणी ओढते ते बाष्पीभवन पात्र सांगते. दिलेले पाणी मुळांपाशी आहे का, ते माती सांगते. दोन्ही विचारून वेळ ठरवा.

लागणाऱ्या वस्तू: जवळच्या हवामान केंद्राचा रोजचा बाष्पीभवनाचा आकडा, खुरपे, लिटरचे माप, घड्याळ.

कृती

१. आधी ठिबक तपासा. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरखाली माप ठेवा. १५ मिनिटांत १ लिटर भरले पाहिजे. बोअरच्या क्षाराने ड्रिपर चोंदले असतील, तर पुढचा सगळा हिशेब फसतो. म्हणून ओळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, तिन्ही ठिकाणी मोजा.

२. पिकाची गरज काढा. समजा, मार्चमधल्या एका दिवशी पात्रातले ८ मिमी पाणी उडाले. पात्र गुणांक ०.७ धरून ५.६ मिमी. वांगी फुलाफळावर आहेत, म्हणून पीक गुणांक १.०५, गरज झाली ५.९ मिमी. कोवळ्या रोपांना हा गुणांक ०.६ धरावा.

३. मिमीचे लिटर करा. एक चौरस मीटरवर १ मिमी म्हणजे १ लिटर. दोन ओळींत १.५ मीटर आणि दोन झाडांत ०.६ मीटर अंतर असेल, तर झाडामागे ०.९ चौरस मीटर जागा, म्हणजे ५.३ लिटर. पानांनी ८० टक्के जमीन झाकली असेल तर ४.२ लिटर. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरून ४.७ लिटर द्या. झाडाला एक ड्रिपर असेल, तर ही साधारण ७० मिनिटे होतात.

४. सकाळी मातीला विचारा. ड्रिपरपासून वीतभर अंतरावर १५ सेंटिमीटर खोल उकरून मूठभर माती दाबा. गोळा होऊन बोटांना हलका ओलावा लागला, तर वाफसा आहे. हिशेबाप्रमाणे पाणी द्या. बोटांना चिखल लागला तर आजची पाळी टाळा. गोळा न होता माती फुटली, तर वेळ पाचव्या हिश्शाने वाढवा.

५. उद्या वीज नसेल, तर दोन दिवसांचे पाणी एकदम द्या. काळी माती ते धरून ठेवते. पाऊस पडला तर तेवढे मिमी गरजेतून वजा करा.

इथे चूक होते: दुपारी पाने मलूल दिसली की मोटर चालू केली जाते. संध्याकाळी ती पुन्हा ताठ झाली, तर तो उन्हाचा परिणाम आहे. सकाळीही मलूल असतील तर माती उकरा: ती कोरडी असेल तर पाणी कमी पडले आहे, चिखल असेल तर मुळे गुदमरली आहेत. तसेच पात्र उघड्या, कोरड्या रानात वाऱ्यावर असेल, तर आकडा फुगतो. तेव्हा पात्र गुणांक ०.६ धरा.