ॲपवरील तक्रारींची विषयवार वर्गवारी व शेकडेवारी

शेतातील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवरून करण्याची ई-पीक पाहणीची पद्धत महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. ही नोंद सात-बाराच्या उताऱ्यावर चढते, म्हणून ती वेळेत न झाल्यास शेतकऱ्याची मोठी अडचण होते. अशा प्रकारच्या ॲपसंबंधीच्या तक्रारी अनेक लोक प्ले स्टोअरवरील अभिप्रायांत लिहितात, आणि गावपातळीवरील कार्यकर्ते त्यांचे स्क्रीनशॉट काढून तालुक्याच्या बैठकीत दाखवितात. परंतु नुसत्या चित्रांवरून कोणती अडचण किती जणांना आली हे कळत नाही. त्यासाठी तक्रारींची विषयवार वर्गवारी करून प्रत्येक विषयाचा वाटा काढावा लागतो. ही रीत समजण्यासाठी पीक नोंदणीच्या एका कल्पित ॲपचे उदाहरण पुढे घेतले आहे. त्यातील आकडे केवळ हिशेब दाखविण्यापुरते आहेत.

स्क्रीनशॉट घेताना अभिप्रायांची मांडणी ‘सर्वांत नवीन’ या क्रमाने लावावी. दुसऱ्या क्रमात दुकानाने निवडलेले अभिप्राय वर येतात व तारखांची सरमिसळ होते. केवळ एक तारा दिलेले अभिप्राय निवडू नयेत. पाच तारे देऊन खाली गंभीर तक्रार लिहिणारेही पुष्कळ असतात, कारण तसे केल्याने आपले म्हणणे वाचले जाईल अशी त्यांची समजूत असते. अभिप्राय लांब असल्यास तो पूर्ण उघडून मगच चित्र घ्यावे. अर्धवट मजकुरावरून विषय ठरविता येत नाही.

नंतर एका वहीत प्रत्येक अभिप्रायाची एक ओळ करावी. तीत अनुक्रमांक, तारीख, तारे आणि तक्रारीचे मूळ शब्द लिहावेत. लिहिणाऱ्याचे नाव उतरविण्याचे कारण नाही. पडदा वर सरकवीत चित्रे घेतली म्हणजे एका चित्राच्या तळाचा अभिप्राय पुढील चित्राच्या माथ्यावर पुन्हा येतो. तारीख व मजकूर दोन्ही जुळत असतील तर तो एकदाच धरावा. आपल्या उदाहरणात २४ चित्रांत ७१ अभिप्राय दिसले, त्यांपैकी ९ दुबार निघाले व ६२ उरले. त्यांतील ८ निव्वळ स्तुतीचे होते, तर ४ जणांनी कारण न देता केवळ ‘बेकार ॲप’ असे लिहिले होते. हे १२ वेगळे मांडून तक्रारीचे कारण सांगणारे ५० अभिप्राय वर्गवारीस घेतले.

विषयांची नावे आधी ठरवून अभिप्राय त्यांत कोंबू नयेत. प्रथम सारे अभिप्राय वाचावेत, आणि शेतकऱ्याचे काम नेमके कोणत्या पायरीवर अडले ते पाहून नाव द्यावे. ‘ॲप चालत नाही’ असा विषय केल्यास जवळजवळ प्रत्येक तक्रार त्यात बसेल व दुरुस्ती कोठे करावी हे कोणालाही समजणार नाही. उदाहरणात पुढील पाच विषय निघाले:

अ) ओटीपी न येणे — ११
आ) गट क्रमांक किंवा खातेदाराचे नाव यादीत न सापडणे — ७
इ) शेतात उभे असूनही ठिकाण गटाबाहेर दाखविणे — १६
ई) काढलेले छायाचित्र वर न चढणे — २२
उ) इतर — ४

ही बेरीज ६० होते, आणि अभिप्राय तर ५० आहेत. यात चूक नाही. ४१ जणांनी एकच तक्रार लिहिली, ८ जणांनी दोन व एकाने तीन. ४१, १६ व ३ मिळून ६० तक्रारी झाल्या. परंतु वाटा काढताना कोणत्या संख्येने भागावे हा प्रश्न येथेच उभा राहतो. छायाचित्राच्या २२ तक्रारींना ५० ने भागून शंभराने गुणल्यास शेकडा ४४ येतात. याचा अर्थ, कारण सांगणाऱ्या शंभर माणसांमागे ४४ जणांना ही अडचण आली. त्याच २२ ला ६० ने भागल्यास शेकडा ३७ येतात. म्हणजे एकूण तक्रारींपैकी एवढा भाग छायाचित्रांविषयीचा आहे. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, मात्र त्यांचे अर्थ भिन्न आहेत. किती लोकांना त्रास झाला हे सांगावयाचे असल्यास माणसांच्या संख्येने भागावे. त्या रीतीने पाच विषयांचे वाटे अनुक्रमे २२, १४, ३२, ४४ व ८ येतात. त्यांची बेरीज १२० भरते म्हणून ते ओढूनताणून शंभरावर आणू नयेत. एकाच माणसाच्या दोन तक्रारी असू शकतात, एवढी टीप खाली द्यावी.

वर्गवारी विश्वसनीय आहे की नाही हे तपासण्याचा एक सोपा उपाय आहे. वहीतील २० ओळी दुसऱ्या कार्यकर्त्यास द्याव्यात व त्याने पहिल्याचे उत्तर न पाहता विषय लावावेत. समजा १६ ओळी जुळल्या व ४ जुळल्या नाहीत. त्या चारही ओळी ‘फोटो घेत नाही’ अशा मजकुराच्या असतील, तर एकाने त्या ठिकाणाच्या तक्रारीत व दुसऱ्याने छायाचित्राच्या तक्रारीत घातल्या आहेत हे उघड होते. अशा वेळी नियम लिहून ठेवावा: छायाचित्र काढूच दिले नाही तर ‘ठिकाण’, काढले पण चढले नाही तर ‘छायाचित्र’, आणि मजकुरावरून उलगडा होत नसेल तर ‘इतर’. नियम ठरल्यावर सर्व ५० ओळी पुन्हा तपासल्याशिवाय अंतिम आकडे घेऊ नयेत. वर दिलेले आकडे अशा फेरतपासणीनंतरचेच आहेत.

यानंतर तारखांकडे वळावे. ॲपची नवी आवृत्ती मध्येच आली असेल तर त्या दिवसापूर्वीचे व नंतरचे अभिप्राय वेगळे करावेत. उदाहरणात पूर्वीचे ३० व नंतरचे २० आहेत. ओटीपीची तक्रार पूर्वीच्या ३० पैकी १० जणांची होती, नंतर २० पैकी केवळ एकाची. छायाचित्राची तक्रार मात्र ३० पैकी ९ वरून २० पैकी १३ वर, म्हणजे शेकडा ३० वरून ६५ वर गेली. एकत्रित हिशेबात ओटीपी शेकडा २२ दिसतो, आणि एवढेच पाहिले असते तर बैठकीचा वेळ जवळजवळ मिटलेल्या अडचणीवर गेला असता. तथापि २० अभिप्रायांत एक माणूस म्हणजेच शेकडा ५ होतात. म्हणून दोनचार टक्क्यांच्या फरकावरून निष्कर्ष काढू नये आणि शेकडेवारीशेजारी मूळ संख्या अवश्य लिहावी.

हे वाटे अभिप्राय लिहिणाऱ्यांचे आहेत, गावातील सर्व शेतकऱ्यांचे नव्हेत, ही मर्यादा विसरू नये. ज्याच्या शिवारात मोबाईलला रेंज नाही किंवा ज्याच्याकडे तसा फोनच नाही, तो सहसा दुकानात अभिप्राय लिहीत नाही. त्याची अडचण या यादीत शून्य दिसेल, परंतु शेतात ती असेलच. यास्तव अहवालात ‘शेकडा ६५ शेतकऱ्यांचे छायाचित्र चढत नाही’ असे न लिहिता, ‘नव्या आवृत्तीनंतर कारण देणाऱ्या २० पैकी १३ अभिप्रायांत छायाचित्र न चढल्याची तक्रार आहे’ असे लिहावे. त्याखाली तारखांची मर्यादा द्यावी, तक्रारीचे एकदोन मूळ नमुने नावाशिवाय उतरवावेत, आणि ज्यांनी नोंदच केली नाही अशा शेतकऱ्यांकडे जाऊन त्यांची कारणे निराळ्या पानावर नोंदवावीत.