विसरणारे साधन आणि टिकणारा संदर्भतक्ता : मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीच्या नुकसानीचा आढावा घेताना

अमेरिकन लष्करी अळीमुळे (स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा) मक्याच्या उत्पादनात नेमकी किती घट येते, असा प्रश्न विस्तार कार्यकर्त्यांना प्रत्येक शेतकरी मेळाव्यात विचारला जातो. उत्तरादाखल दिली जाणारी टक्केवारी कोठून आली, हे मात्र क्वचितच सांगता येते. ही टक्केवारी शोधण्यासाठी अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या संवाद-साधनांचा वापर वाढला आहे. प्रस्तुत लेखकानेही प्रशिक्षण पुस्तिकेच्या एका प्रकरणासाठी अशा साधनाच्या मदतीने संदर्भ साहित्याचा आढावा घेतला. पहिल्या मसुद्यात एक गंभीर चूक राहिली आणि ती एका सहकाऱ्याच्या लक्षात आली. त्या चुकीचे कारण आणि ती टाळणाऱ्या संदर्भतक्त्याची रचना येथे दिली आहे.

मसुद्यात असे वाक्य होते की, आफ्रिकेत मक्याचे सुमारे ४० ते ४५ टक्के नुकसान होते, हे चार स्वतंत्र अभ्यासांतून दिसून येते. चारही संदर्भ खरे होते. सहकाऱ्याने ते मुळातून उघडून पाहिले, तेव्हा चारही ठिकाणचा आकडा एकाच सर्वेक्षणातून आलेला निघाला. आंतरराष्ट्रीय संस्था ‘काबी’ने २०१७ मध्ये घाना व झांबियातील शेतकरी कुटुंबांना नुकसानीचा अंदाज विचारला होता. त्यातून घानासाठी सरासरी ४५ टक्के (२२ ते ६७) आणि झांबियासाठी ४० टक्के (२५ ते ५०) हे आकडे निघाले. ते प्रथम अब्राहम्स व सहकाऱ्यांच्या नावाने पुरावा-टिपण म्हणून आणि त्याच वर्षी ‘आउटलुक्स ऑन पेस्ट मॅनेजमेंट’ या नियतकालिकात डे व सहकाऱ्यांच्या नावाने लेख म्हणून प्रसिद्ध झाले. दोन्हींचे शीर्षकही एकच आहे. उरलेले दोन संदर्भ नंतरच्या आढावा लेखांचे होते आणि त्यांच्या प्रस्तावनेत हाच आकडा उद्धृत केलेला होता.

हे घडले कसे? काम सुमारे तीन आठवडे, वेगवेगळ्या दिवशी चालले होते. संवाद-साधनात नवे संभाषण उघडले की मागील संभाषणातील संदर्भ सामान्यतः त्याच्यासमोर नसतात. एकाच संभाषणात दीर्घकाळ काम केले तरी साधन एका वेळी मर्यादित मजकूरच विचारात घेऊ शकते. मजकूर त्या मर्यादेपलीकडे गेला की सुरुवातीचा भाग गळतो किंवा त्याचा त्रोटक सारांश उरतो. काही साधनांत ‘स्मृती’ची सोय असते. ती वापरकर्त्याच्या आवडी व मोजक्या बाबी जपण्यास ठीक आहे, पण पन्नास संदर्भांची अचूक यादी तिच्या भरवशावर सोडू नये. त्यामुळे सोमवारी डे यांचा लेख मिळाला, गुरुवारी त्यावर आधारलेला आढावा लेख मिळाला आणि पुढच्या आठवड्यात पुरावा-टिपण मिळाले. साधनाच्या दृष्टीने दर वेळचा शोध पहिलाच होता. लेखकाच्या दृष्टीने मात्र एकाच गोष्टीला पुन्हा पुन्हा दुजोरा मिळत होता. विसरणाऱ्या साधनाचा खरा धोका हा आहे. वेळ वाया जातोच, पण त्याहून वाईट म्हणजे पुनरुक्ती पुराव्यासारखी दिसू लागते.

उपाय साधा आहे. स्मृती साधनाबाहेर, आपल्या संगणकावरील एका तक्त्यात ठेवावी. एक्सेल वा गूगल शीट्स पुरेसे आहे. प्रत्येक संदर्भाला एक ओळ आणि कायमचा क्रमांक द्यावा, उदा. F001, F002. संदर्भ पुढे वगळला तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नये आणि ओळ पुसू नये. वगळलेल्या ओळी जपणे विशेष आवश्यक आहे, कारण साधन तोच निरुपयोगी लेख पुढच्या सत्रात पुन्हा पुढे करते आणि तो आपण कशासाठी नाकारला होता हे आपल्यालाही आठवत नाही. ‘मक्यावर नाही, ज्वारीवर’ एवढी कारणनोंद पुरते.

क्रमांकाखेरीज एक स्तंभ डीओआयचा. डीओआय म्हणजे शोधलेखाला मिळालेला कायमस्वरूपी संगणकीय ओळखक्रमांक. लेखकांच्या नावांचे लघुरूप किंवा शीर्षकाची मांडणी सत्रागणिक बदलू शकते, म्हणून पुनरुक्ती ओळखण्यास डीओआय सर्वांत भरवशाचा. तो कधी पूर्ण संकेतस्थळ-पत्त्यासह, कधी मोठ्या अक्षरांत मिळतो. म्हणून A स्तंभात जसा मिळाला तसा ठेवावा, B मध्ये स्वच्छ रूप घ्यावे आणि C मध्ये तो किती वेळा आला ते मोजावे :

```
B2: =TRIM(SUBSTITUTE(LOWER(A2),"https://doi.org/",""))
C2: =COUNTIF(B$2:B$500,B2)
```

C मध्ये १ पेक्षा मोठा अंक दिसला की तो लेख आधीच नोंदलेला आहे. अनेक भारतीय नियतकालिकांतील जुने लेख, संशोधन केंद्रांच्या पत्रिका आणि प्रबंध यांना डीओआय नसतो. तेथे A स्तंभात पहिल्या लेखकाचे आडनाव, वर्ष आणि शीर्षकातील पहिले दोन शब्द अशी चावी स्वतः तयार करून लिहावी.

डीओआयने लेखाची पुनरुक्ती कळते, माहितीची नाही. वरील उदाहरणात अब्राहम्स व डे यांच्या चाव्या वेगळ्याच राहतात आणि सूत्र काहीच इशारा देत नाही. म्हणून तक्त्यातील सर्वांत मोलाचा स्तंभ ‘आकड्याचा मूळ आधार’ हा होय. लेखातील आकडा लेखकांनी स्वतः मोजला असेल तर ‘स्वतःचा’ असे लिहावे. दुसऱ्याकडून घेतला असेल तर त्या मूळ संदर्भाचा क्रमांक लिहावा. मूळ संदर्भ तक्त्यात नसेल तर आधी तो मिळवावा. आपल्याकडे हाच प्रसंग प्रबंधांच्या बाबतीत नेहमी येतो. कृषिकोशावरील पदव्युत्तर प्रबंध आणि त्यातून निघालेला शोधनिबंध एकाच प्रक्षेत्र चाचणीचे असतात. त्यांना दोन पुरावे धरू नये. ठिकाण, हंगाम व वाण जुळत असतील तर शंका घ्यावी आणि निबंधाच्या ओळीत प्रबंधाचा क्रमांक टाकावा.

त्याला लागूनच ‘मोजणीची पद्धत’ हा स्तंभ ठेवावा. तो नसता तर आमच्या प्रकरणाचा निष्कर्षच बदलला असता. बॉड्रोन व सहकाऱ्यांनी पूर्व झिंबाब्वेतील अल्पभूधारकांच्या ७९१ मका क्षेत्रांचा अभ्यास ‘क्रॉप प्रोटेक्शन’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध केला. शेतातील झाडांवरील प्रादुर्भावाच्या प्रत्यक्ष पाहणीवरून त्यांनी उत्पादनातील घट ११.५७ टक्के इतकी अंदाजली. ४५ आणि ११.५७ हे आकडे शेजारी ठेवले तर एक खोटा असावा असे वाटते. तक्त्यात मात्र एकापुढे ‘शेतकऱ्यांचा अंदाज, मुलाखत’ आणि दुसऱ्यापुढे ‘शेतातील पाहणी’ असे लिहिलेले असते. पोंग्यातील पाने कुरतडलेली, विष्ठेने भरलेली दिसली की नुकसान मोठे वाटणे स्वाभाविक आहे. पण पानांवरील इजा आणि दाण्यातील घट या निराळ्या गोष्टी असून मका बऱ्याच अंशी सावरतो. देश, हंगाम व पीकव्यवस्थाही वेगळ्या आहेत. त्यामुळे फरकाचे सगळे श्रेय पद्धतीला देता येणार नाही. तरीही दोन्ही आकड्यांची सरासरी काढून ती शेतकऱ्यांना सांगणे अयोग्य ठरेल, इतके या एका स्तंभावरून स्पष्ट होते.

आता स्थितीच्या स्तंभाविषयी. त्यात पाचच शब्द वापरावेत : सुचविलेला, अस्तित्व तपासलेला, सारांश वाचलेला, पूर्ण वाचलेला, वगळलेला. साधनाने दिलेला प्रत्येक संदर्भ प्रथम ‘सुचविलेला’ असतो, कारण ही साधने कधी कधी अस्तित्वातच नसलेले लेख खऱ्यासारखे मांडतात. डीओआय न्याहाळकात https://doi.org/ यापुढे जोडून उघडावा. पान उघडले एवढ्यावर समाधान मानू नये, शीर्षक व पहिला लेखक जुळतो का तेही पाहावे. खरा डीओआय भलत्याच लेखाचा असणे ही बनावट डीओआयपेक्षा फसवी चूक आहे. पूर्ण लेख कृषी विद्यापीठे व परिषदेच्या संस्थांतून ‘सेरा’मार्फत बहुधा मिळू शकतात. मसुद्यात आकडा घ्यायचा तर तो ‘पूर्ण वाचलेला’ या ओळीतूनच आणि तक्त्यात त्याचा पृष्ठक्रमांक नोंदलेला असेल तरच घ्यावा.

सत्राची सुरुवात आणि शेवट यांनाही शिस्त हवी. नवे संभाषण उघडताच तक्त्यातून चारच स्तंभ निवडून चिकटवावेत :

```
F001 | 10.1371/journal.pone.0165632 | Goergen 2016 | पूर्ण वाचलेला
F004 | 10.1564/v28_oct_02 | Day 2017 | पूर्ण वाचलेला
F005 | abrahams-2017-fall-armyworm | Abrahams 2017 | वगळलेला
```

सोबत लिहावे की, यादीतील संदर्भ पुन्हा देऊ नयेत, फक्त नवे द्यावेत आणि प्रत्येकासोबत डीओआय द्यावा. ही सूचना दर वेळी पाळली जाईलच असे नाही, म्हणून C स्तंभाची तपासणी सुटत नाही. आकडे व निष्कर्ष यांचे स्तंभ मात्र चिकटवू नयेत. सुरुवातीला आम्ही संपूर्ण तक्ता देत असू. मग आमच्याच नोंदीतील ४५ टक्के हा आकडा नव्या लेखाच्या सारांशात मिसळून परत येऊ लागला. मूळ लेख उघडला तर त्यात तो आकडा नसे. साधनाला आपले उत्तर आधीच कळवले की ते उत्तर त्याच्याकडून पुन्हा मिळण्याची शक्यता वाढते.

तक्ता अद्ययावत करण्याचे काम साधनावर सोपवू नये, ही दुसरी खबरदारी. साठ ओळींचा तक्ता पुन्हा लिहून घेतला की मधली एखादी ओळ गळते किंवा डीओआयमधला एक अंक बदलतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. केवळ नव्या ओळी घ्याव्यात आणि त्या स्वतःच्या हाताने शेवटी जोडाव्यात. हे संभाषण बंद करण्यापूर्वीच उरकावे. उद्या जुने संभाषण चाळून नोंदी करू, असे आम्हीही म्हणत असू. त्या नोंदी बहुधा राहूनच गेल्या. प्रत्येक ओळीपुढे दिनांक आणि वापरलेला शोधशब्द टाकला तर कोणता प्रश्न विचारून झाला आहे हेही कळते. ‘मका, अळी, नुकसान’ यावर तीन सत्रे गेली आणि ‘स्वीटकॉर्न’ एकदाही शोधले नाही, हे आम्हाला त्या स्तंभामुळेच उमगले.

सुधारित मसुद्यात ‘मूळ आधार’ या स्तंभानुसार ओळी लावल्या, तेव्हा आफ्रिकेविषयीचे ते चार संदर्भ एका गटात आले. वाक्य असे बदलले : घाना व झांबियातील शेतकऱ्यांच्या २०१७ मधील अंदाजानुसार सरासरी नुकसान अनुक्रमे ४५ व ४० टक्के होते, तर पूर्व झिंबाब्वेतील शेतपाहणीवर आधारित अंदाज ११.५७ टक्के आहे. वाक्यापुढे चारऐवजी दोन संदर्भ राहिले. पुस्तिका वापरणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांसाठी त्याच पानावर टीप जोडली की, हे आकडे आपल्या भागातील शिवाराला जसेच्या तसे लावू नयेत. फवारणीचा निर्णय स्वतःच्या शेतातील प्रादुर्भावग्रस्त झाडे मोजूनच घ्यावा.