ग्राहक मंचाच्या निकालावर अपील

आमच्या भीमपुरात कागद वाचून घ्यावयास लोक शाळा सुटल्यावर मास्तरांकडे येतात. अशा कागदांत कधी कधी आदिलाबादच्या ग्राहक मंचाचा निकाल असतो. २०२० सालापासून या मंचास जिल्हा आयोग म्हणतात, तरी बोलण्यात ‘मंच’ हाच शब्द राहिला आहे. निकाल मान्य नसल्यास हैदराबादेच्या राज्य आयोगाकडे अपील करता येते. तेव्हा पहिला प्रश्न येतो तो असा : “गुरुजी, निम्मे पैसे भरावे लागतात म्हणे, आम्ही कोठून भरावे?”

हा समज अर्धाच खरा आहे. समजा, कपाशीचे बी उगवले नाही म्हणून एका शेतकऱ्याने तक्रार केली व दुकानदाराने १,२०,००० रुपये द्यावेत असा निकाल झाला. दुकानदारास अपील करावयाचे असेल तर त्याने आधी निम्मे, म्हणजे ६०,००० रुपये भरले पाहिजेत; त्यावाचून त्याचे अपील ऐकलेच जात नाही. परंतु तक्रार फेटाळली गेली, किंवा भरपाई कमी मिळाली, म्हणून शेतकरीच अपिलात गेला तर त्यास ही अनामत लागू नाही. ज्याच्यावर पैसे देण्याचा हुकूम झाला आहे, त्याच्यासाठीच ती अट आहे. शिवाय निम्मी रक्कम भरली म्हणजे वसुली आपोआप थांबते असेही नाही. स्थगिती निराळी मागावी लागते, आणि तीसाठी कारणे नमूद करून अधिक रकमेची, प्रसंगी पूर्ण रकमेचीही, अट घालता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले आहे.

मुदत निकालापासून ४५ दिवसांची. निकाल १० जूनचा असेल तर शेवटचा दिवस २५ जुलै. नक्कल उशिरा हाती आली तरी आपण निकालाच्याच तारखेपासून मोजावे, म्हणजे घोटाळा होत नाही. उशीर झालाच तर माफीचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह द्यावा. ‘पेरणीची धांदल होती’ एवढे मोघम कारण पुरत नाही; कोणत्या दिवसांत काय अडचण होती ते लिहावे व दवाखान्याचे कागद वगैरे जोडावेत.

मुद्द्यांच्या बाबतीत लोक फार चुकतात. आपल्यावर कसा अन्याय झाला हे चार पाने लिहितात. निकाल कोठे चुकला हे मात्र राहून जाते. ‘कृषी अधिकाऱ्याचा पाहणी अहवाल दाखल होता, निकालात त्याचा विचार नाही’ हा मुद्दा झाला. ‘बी प्रयोगशाळेत तपासले नाही म्हणून तक्रार फेटाळली’ हाही चांगला मुद्दा आहे. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय बीज निगमने हीच हरकत घेतली होती. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. पेरणी झाल्यावर शेतकऱ्याजवळ तपासणीस बी उरेल कोठून, असा त्या निकालाचा आशय होता. नवा पुरावा मात्र अपिलात सहसा घेत नाहीत. बियाण्याची पावती व पिशवीवरील चिठ्ठी मूळ तक्रारीलाच जोडलेली असली पाहिजे.

आणि प्रकरण मध्यस्थीने मिटवून दोन्ही पक्षांनी सह्या केल्या असतील, तर त्या तडजोडीवरील हुकुमाविरुद्ध अपील नाही. सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्यावा. आम्ही संध्याकाळी शाळेतच असतो.