मुदत संपल्यावर आलेल्या दोन बॅगा

चि. बाळू यास,



तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहितो. सोयाबीनच्या दोन सीलबंद बॅगा घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला तू "बघू, कंपनीला विचारतो" म्हणून परत पाठवलंस. ते "बघू" मला पटलं नाही. कंपनी आता काय सांगणार हे तुला ठाऊक आहे आणि चार दिवसांनी त्यांनाही कळणारच आहे. तोवर मात्र ते आशेवर राहतील, एक-दोन चकरा मारतील, आणि मग तुझा नकार दुप्पट कडू लागेल.

नाही म्हणण्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो: माल परत का करताय? बी उगवलंच नाही म्हणून परत करत असतील, तर आपल्या पावतीवरची माल परतीची 15 जुलैची तारीख दाखवून हात झटकता येत नाहीत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत, तो परत घ्यावा लागतो. त्यातून बियाण्याचा दोष पेरल्यावरच कळतो. अशा वेळी तारखेवरून वाद घालत बसू नकोस. बॅग, टॅग, पावती आणि थोडं उरलेलं बी जपून ठेवायला सांग आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करायला लाव. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीनं शेत वेळेत पाहिलं पाहिजे. उगवण न झालेल्या जागी दुबार पेरणी झाली की पाहायला काही उरत नाही. असा माणूस आपल्या विरोधात जाईल ही भीती धरू नकोस. लॉट खराब असेल तर उत्तर कंपनीला द्यायचं आहे, आणि आपली पावती, लॉट नंबर नि साठा रजिस्टर नीट असलं की आपली बाजू धड राहते.

हे प्रकरण मात्र तसं नाही. तू सांगितलंस त्यावरून पाऊस लांबला, त्यांनी दोन एकरांत सोयाबीनऐवजी तूर घेतली आणि बॅगा उरल्या. सील शाबूत आहे. बियाण्यात दोष नाही, बेत बदलला. इथं नाही म्हणणं रास्त आहे, फक्त कारण खरं सांगायला हवं. "नियम आहे" एवढ्यावर आपल्या अमडापुरात कोणाचं समाधान होत नाही.

खरं कारण सोयाबीनच्या दाण्यातच आहे. त्याचं साल पातळ आणि आत तेल भरपूर, त्यामुळे उगवणशक्ती लवकर उतरते. आज हातात असलेलं बी गेल्या ऑक्टोबरच्या आसपास निघालेलं. पुढच्या जूनपर्यंत ते वीस महिन्यांचं होईल, तेही पावसाळा-उन्हाळा सोसून. विक्रीसाठी किमान 70 टक्के उगवण लागते, ती राहील याचा भरवसा नाही. शिवाय टॅगवरची चाचणीची तारीख बघ. तिच्यापासून नऊ महिन्यांची वैधता असते. मार्चमध्ये चाचणी झालेली बॅग डिसेंबरात विक्रीतून बाद होते. फेरचाचणी करून मुदत वाढवणं हे कंपनीचं काम, दुकानदाराचं नाही. आणि कंपनी आपल्याकडून शिल्लक माल ठरल्या तारखेपर्यंतच उचलते. आपली 15 जुलै त्या तारखेच्या चार दिवस आधी ठेवलेली आहे. ती मनाला येईल तशी धरलेली नाही.

आणखी एक गोष्ट. बॅगा महिनाभर त्यांच्या घरी होत्या. ओलसर फरशीवर होत्या की खताच्या पोत्यांशेजारी, तुला माहीत नाही. तीच बॅग तू दुसऱ्याला दिलीस आणि उगवली नाही, तर पंचनाम्यात नाव दुकानाचं येईल.

आता त्यांना काय देता येईल ते पाहू. "काका, पुढच्या वर्षी पेरा" असं सांगण्याचा मोह होईल. सांगू नकोस. ती सल्ल्याच्या वेषातली फसवणूक ठरेल, आणि नुकसान दोन बॅगांवर न थांबता दोन एकरांचं होईल. घरचं बी ठेवायचंच असेल तर यंदाच्या पिकातून ठेवावं. सोयाबीन सरळ वाण असल्यानं ते चालतं, कृषी विभागही तेच सांगतो.

मग आधी बॅगेवरचा मजकूर वाच. बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असेल, दाणा रंगीत असेल, तर ते ना बाजारात जाऊ शकतं ना ढोरांपुढे. तू म्हणालास की औषधाची पुडी वेगळी आहे आणि दाणा कोरा आहे. म्हणजे ते साधं सोयाबीन म्हणून विकता येईल. बॅग फोडून, टॅग काढून, चिखलीच्या बाजार समितीत न्यावं. नवा माल ऑक्टोबरात येऊ लागला की भाव सहसा दबतो, म्हणून थांबू नये. पण त्याच बॅगेत बियाणे म्हणून शेजाऱ्याला विकू नका, हेही त्यांना सांग.

हिशेब असा मांड. पंचवीस किलोच्या दोन बॅगा, 2,400 प्रमाणे 4,800 रुपये, आणि तेही उधारीवर. समजा बाजारात क्विंटलला 4,200 मिळाले, तर पन्नास किलोचे 2,100 येतील. खड्डा 2,700 चा. तो सगळा आपण भरणं शक्य नाही आणि रास्तही नाही. आपल्याला बॅगेमागे 200 सुटले आहेत ना? ते 400 सोडून दे. या व्यवहारात आपल्याला नफा नको. उरलेल्या 4,400 साठी सोयाबीन घरात येऊन विकेपर्यंत थांब, व्याज लावू नकोस. त्यांना सध्या पैशापेक्षा त्या मुदतीचाच जास्त आधार होईल.

ही सूट हरभऱ्याच्या बियाण्याशी किंवा खताशी जोडू नकोस. "अमुक घ्याल तर तमुक देतो" याला गावात लिंकिंग म्हणतात, आणि त्याची तक्रार झाली तर चूक तुझीच ठरेल. सूट खात्यात "सूट" म्हणूनच लिही, साठा रजिस्टरमध्ये बॅगा परत आल्या असं दाखवू नकोस. आणि हीच वागणूक पुढे तुझ्या मामांनाही द्यावी लागेल. त्यांना 15 जुलैनंतर बॅग बदलून दिलीस की तारीख संपली असं समज.

सांगताना दुकानात गर्दी नसेल अशी वेळ धर, त्यांना बसव, आणि नकार पहिल्याच वाक्यात दे. काहीसं असं: "काका, बॅगा आता परत घेता येणार नाहीत. कंपनी उचलत नाही आणि मला पुढच्या वर्षी विकता येत नाहीत. पण तुमच्या खात्यातून चारशे कमी करतो, आणि बाकीचे सोयाबीन विकल्यावर द्या." मग गप्प राहा. ते रागावले तर रागावू दे. कंपनीला शिव्या देऊन त्यांच्या बाजूनं असल्याचं सोंग करू नकोस. ठरलेलं त्यांच्या पावतीच्या मागे लिहून तारखेसह सही कर.

पुढच्या हंगामाआधी पावतीवरची ती 15 जुलै मोठ्या अक्षरात छापून घे, आणि बॅग देताना प्रत्येकाला तोंडानंही सांग. बॅगा आणलेल्या गिऱ्हाइकाला उद्याच निरोप पाठव.

तुझा,
काका