डिस्चार्ज कार्ड घरच्यांना समजावताना

उंब्रज परिसरातले रुग्ण कराडच्या किंवा मिरजेच्या दवाखान्यातून घरी येतात तेव्हा हातात दोन-तीन पानांचे डिस्चार्ज कार्ड असते, सगळे इंग्रजीत. वस्तीवर ते वाचायची वेळ आपल्यापैकी जो भेटीला जातो त्याच्यावर येते. म्हणून या अंकात एकच कार्ड समोर ठेवून पाहू.

समजा, कातकरी वस्तीवरची एक आजी हृदयाच्या अशक्तपणासाठी दाखल होती. पायांवर सूज होती, दम लागत होता. आता बरे वाटते म्हणून घरी सोडले आहे. कार्डावर औषधांच्या यादीत एक ओळ आहे: डिगॉक्सिन ०.२५ मिग्रॅ, १/२-०-०, ५/७. पुढे फ्युरोसेमाइड ४० मिग्रॅ, १-०-०. खाली पाणी १.२ लिटर, आणि काही इशारे.

सगळ्यात जपून वाचायची ती पहिली ओळ. १/२-०-० म्हणजे सकाळी अर्धी गोळी, दुपारी नाही, रात्री नाही. एवढे बहुतेकांना कळते. गोंधळ ५/७ मध्ये आहे. आपल्याकडे डिगॉक्सिनपुढे तो लिहिला की बहुधा अर्थ असतो, आठवड्यातले पाच दिवस घ्या आणि दोन दिवस सुट्टी. पण हीच खूण काही डॉक्टर ‘पाच दिवसांपुरते’ अशाही अर्थाने वापरतात. एका अर्थाने गोळी चालू राहते, दुसऱ्याने सहाव्या दिवशी बंद होते. आणि घरच्यांनी खूण सोडूनच दिली, तर आजी सातही दिवस गोळी घेईल. डिगॉक्सिनमध्ये उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते. वय झालेल्या, मूत्रपिंड मंदावलेल्या माणसात ते आणखी कमी. तेव्हा अंदाज न करता वॉर्डात फोन करावा, सुट्टीचे दोन वार विचारावेत आणि मगच लिहावे: “सोमवार ते शुक्रवार सकाळी अर्धी गोळी. शनिवारी, रविवारी ही गोळी नाही.” डॉक्टरांनी दुसरे वार सांगितले तर ते लिहावेत.

आकड्यांबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. गोळीच्या पट्टीवर इंग्रजी आकडे असतात, आपण मराठीत लिहितो. मराठी ४ घाईत इंग्रजी आठासारखा दिसतो आणि मराठी ५ इंग्रजी चारासारखा. आपला ४० कुणी ८० वाचला तर मात्रा दुप्पट. म्हणून पट्टीवरचा आकडा पट्टीवर आहे तसाच उतरवावा, शेजारी अक्षरात ‘चाळीस’ लिहावे, आणि किती गोळ्या ते वेगळे लिहावे. ०.२५ मधले टिंबाआधीचे शून्य कधीही गाळू नये. टिंब पुसट झाले की पाव मिलिग्रॅमचे पंचवीस होतात. औषधाचे नाव मात्र भाषांतरित करू नये. ‘लघवीची गोळी’ हे कंसात ठीक, पण पट्टीवरचे नाव आधी. घरात जुन्या पट्ट्या असतील तर त्याही तपासाव्यात, कारण तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने असते आणि दोन्ही घेतले जाते.

पाण्याची मर्यादा लिटरमध्ये सांगून उपयोग नाही. घरातला पेला घ्यावा, मापून पाहावा. दोनशे मिलिलिटरचा निघाला तर १.२ लिटर म्हणजे दिवसाला सहा पेले, आणि चहा, पेज, आमटीचे पाणी, ताक सगळे त्या सहांतच. तांब्याने पिण्याची सवय असेल तर तांब्यात किती मावते ते आधी बघावे. उन्हाळ्यात मर्यादा बदलायची का, हे डॉक्टरांना विचारावे. आपण सवलत देऊ नये.

इशाऱ्यांची धार मात्र कमी होते ती आपल्याच चांगुलपणाने. ‘घाबरायला नको’ म्हणून आपण “त्रास झाला तर दाखवा” असे लिहितो. कार्डावर मात्र ठरलेली लक्षणे असतात: भूक जाणे, मळमळ-उलटी, डोळ्यांपुढे पिवळसर दिसणे, चक्कर. हे डिगॉक्सिन जास्त झाल्याचे असू शकते. घरचे मात्र पित्त झाले असे समजतात. म्हणून प्रत्येक लक्षण वेगळ्या ओळीत, घरी बोलतात त्या शब्दांत, आणि पुढे “त्याच दिवशी दवाखाना” असे लिहावे. दम लागून आडवे होता येत नसेल तर १०८. कार्डावर तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले तर या, असे असेल आणि वस्तीवर काटा नसेल, तर उपकेंद्रात मोठ्या माणसाचा काटा आहे का ते पाहावे. नसल्यास त्याऐवजी कशावर लक्ष ठेवायचे ते डॉक्टरांनी सांगावे.

शेवटी घरच्यांना “समजले का?” विचारू नये, हो म्हणतातच. गोळ्या देणारी सून किंवा नातू यांच्या हातात पट्टी द्यावी आणि विचारावे, “रविवारी आजीला यातली किती देणार?” उत्तर “एकही नाही” असे आले नाही, तर कागद पुन्हा लिहावा.