दुरुस्तीमागचे कारण

कनिष्ठाच्या कच्च्या मजकुरात वरिष्ठाने केलेली दुरुस्ती त्या मजकुरापुरतीच उपयोगी पडते. पुढच्या मजकुरात कामी येते ते तिचे कारण. तरीही जाहिरात संस्थांमध्ये वाक्य खोडून तेथे स्वतःचे वाक्य घालण्यालाच संपादन मानले जाते, आणि त्याची किंमत कनिष्ठ मोजतो, हे प्रस्तुत लेखिकेने एका संस्थेत अनुभवले आहे.

फरशी पुसण्याच्या द्रावाच्या माहितीपत्रकातील ‘१०० टक्के जंतूंचा नाश’ हे शब्द बदलून वरिष्ठांनी ‘९९.९ टक्के’ केले. समासात एक अक्षरही नव्हते. उत्पादकाच्या प्रयोगशाळा-अहवालात ठरावीक जिवाणूंवर, ठरावीक वेळेत तेवढीच घट नोंदलेली होती, आणि ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या १९८५ मध्ये स्थापन झालेल्या स्वनियामक संस्थेच्या संहितेनुसार असा दावा पुराव्याने सिद्ध करता यावा लागतो. हा अहवाल कनिष्ठांना दाखवलाच नव्हता. त्यामुळे हा आकडा अधिक पटण्याजोगा वाटतो म्हणून घातला, एवढाच अर्थ निघाला, आणि पुढे हात धुण्याच्या साबणाच्या मजकुरातही तोच गेला. त्या साबणाची तशी चाचणी झालेलीच नव्हती. उत्पादकाच्या विधी विभागाने मजकूर परत पाठवल्यावर वरिष्ठांनी भर बैठकीत, “एकदा दुरुस्त करून दिलं तरी कळत नाही,” असे सुनावले. आपण कारण दिले नव्हते, हे मात्र त्यांनी तेव्हा सांगितले नाही आणि नंतरही कधी मान्य केले नाही.

तेथे पुढीलप्रमाणे शेरा पुरेसा होता: “‘१०० टक्के’ला चाचणीचा आधार नाही, अहवाल सोबत जोडला आहे. कोणत्या जिवाणूंवर आणि किती वेळात, हे वाचकाला कळेल असे लिहा. यापुढे आकडा लिहिण्याआधी त्या उत्पादनाचा अहवाल मागवा.” यात अडचण, कारण आणि दिशा तिन्ही येतात व शब्द शोधण्याचे काम कनिष्ठाकडेच राहते.

शेरा चुकीविषयी आहे, वाचकाच्या अडचणीविषयी आहे की वरिष्ठाच्या आवडीविषयी, हेही स्पष्ट लिहावे. ‘अत्याधुनिक सूत्राने युक्त’ या शब्दांतून बादलीभर पाण्यात किती झाकणे द्राव घालायचा ते कळत नाही, ही वाचकाची अडचण होय. ‘चकचकीत’च्या जागी ‘लखलखीत’ ही निव्वळ आवड, आणि तसे न सांगितल्यास कनिष्ठ त्यात नसलेला नियम शोधत बसतो. ज्या बदलाचे कारण एका वाक्यातही लिहिता येत नाही, तो करूच नये. मजकूर आधी पूर्ण वाचावा, हे वेगळे सांगायला नको. छपाईची घाई असेल तर वाक्य बदलून द्यावे, परंतु कारण दुसऱ्या दिवशी तरी कळवावे. आणि ते कळवले नसेल, तर तीच चूक पुन्हा झाल्यावर कनिष्ठाला जाब विचारू नये.