डझन, कोडी आणि ग्रोस : मोजणीचा सोपा हिशेब

आम्ही बार्शीत कापडाचा धंदा करतो. टॉवेल-रुमाल डझनावर घेतो, शिंपी बांधव बटणे ग्रोसवर नेतात आणि जुन्या व्यापाऱ्यांच्या तोंडी कोडीही असते. डझन म्हणजे १२ नग, कोडी म्हणजे २० आणि ग्रोस म्हणजे १२ डझन, अर्थात १४४ नग. दहा आणि शंभर हे सोपे आकडे असताना हे वेगळे गट कशाला, असे दुकानावर नव्याने बसणारी मुले विचारतात.

मुळात गट लागतो तो नजरेच्या मर्यादेमुळे. तीन-चार वस्तू आपण न मोजता ओळखतो, त्यापुढे एकेक करून मोजावे लागते. दोनशे नग एका दमात मोजताना मध्येच गिऱ्हाईक आले की आकडा सुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. बाराबाराच्या थप्प्या लावलेल्या असतील तर फक्त हातातली थप्पी पुन्हा मोजावी लागते.

आता बाराच का? दहाचे सारखे वाटे दोन किंवा पाचच होतात. बाराचे मात्र दोन, तीन, चार आणि सहा वाटे होतात. किरकोळ दुकानदार अर्धा डझन मागो, पाव मागो की तिसरा हिस्सा, सहा, तीन किंवा चार नग पुरे निघतात. शिवाय बारा हा आकडा हातावरच आहे. अंगठा सोडून चार बोटांना प्रत्येकी तीन पेरे असतात. तस्बीह पेरांवर मोजणाऱ्यांना हे सांगायला नको. एका हाताच्या पेरांवर नग मोजावेत आणि डझन भरला की दुसऱ्या हाताचे एक पेर पुढे सरकावे. दोन्ही हात पुरे झाले की १४४, म्हणजे एक ग्रोस होतो.

उर्दू शाळेत आम्ही 'दर्जन' शिकलो, मराठीत 'डझन' म्हणतात. दोन्हींचे मूळ फ्रेंच भाषेतील बारा या शब्दात आहे. 'ग्रोस' म्हणजे त्याच भाषेतील मोठा डझन. कोडी मात्र आपल्याकडची. हातापायाची बोटे मिळून वीस होतात, तोच हा गट. सतराव्या शतकात इंग्रज व्यापारी सुरतेत कापड घेत, तेव्हा तेही वीस नगांना 'कॉर्ज' म्हणत. पाच कोड्यांचे शंभर होत असल्याने ती शेकड्याच्या हिशेबात बसते, पण तिचे तीन सारखे वाटे होत नाहीत.

ग्रोसचा उपयोग शिंप्याला विचारावा. एका शर्टाला नऊ बटणे धरली तर एका ग्रोसमध्ये बरोबर १६ शर्ट होतात. आठ धरली तर १८. शंभर बटणांच्या पुड्यात नऊच्या हिशेबाने ११ शर्ट होऊन एक बटण उरते.

आता माल तपासण्याचे उदाहरण घेऊ. टॉवेलचे १७ डझन आणि सुटे ७ नग आले. एकाच जातीच्या, सारख्या घडीच्या बारा टॉवेलांच्या थप्प्या शेजारी शेजारी लावाव्यात. ज्या थप्पीत एक नग कमी असेल ती बुटकी दिसते. टॉवेल कमी-जास्त जाडीचे असतील तर उंचीवर भरवसा ठेवू नये. घडीच्या कडा तीन-तीनने मोजाव्यात, चार वेळा तीन झाले की डझन पुरा.

खरा घोटाळा कॅल्क्युलेटरवर होतो. वहीत '१७-७' लिहिलेले असते आणि मुलगा १७.७ दाबतो. डझनाचा भाव ५४० रुपये धरू, म्हणजे नग ४५ रुपये. खरी रक्कम १७ डझनांचे ९,१८० आणि सात नगांचे ३१५ मिळून ९,४९५ रुपये. १७.७ ने गुणले तर ९,५५८ येतात, म्हणजे गिऱ्हाइकाकडून ६३ रुपये नाहक जादा घेतले जातात. सुटे नग दहा असतील तर उलटे होते. १७.१० हे यंत्राला १७.१ च वाटते आणि ९,६३० ऐवजी ९,२३४ येतात. इथे विकणाऱ्याचे ३९६ रुपये बुडाले.

कारण उघड आहे. दशांश टिंबापुढचा आकडा दहावा हिस्सा सांगतो, तर डझनातील सुटा नग बारावा हिस्सा असतो. सात नग म्हणजे ०.७ डझन नव्हे, सुमारे ०.५८ डझन.

२०१७ पासूनच्या जीएसटीच्या परिमाण यादीत डझनासाठी DOZ आणि ग्रोससाठी GRS आहे. कोडीला तिथे वेगळी जागा नाही. सुटे नग असतील तर आमचा रिवाज असा: १७ ला १२ ने गुणून त्यात ७ मिळवावेत, बिलावर २११ नग (PCS) लिहावे आणि भावही नगाचाच लावावा. थप्पी डझनाची असू द्या, बिल नगाचे करा.